रस्त्याचा चढ १० टक्के, मग कोन किती? मोजण्यापासून अंशांपर्यंतची पूर्ण पद्धत

चढ १० टक्के असेल तर कोन १० अंशांचा नसतो. तो भरतो ५.७ अंश. आणि १०० टक्के चढ म्हणजे सरळ उभी भिंत नव्हे, तर ४५ अंशांचा उतार. या दोन ठिकाणी गल्लत झाली की पुढचं सगळं गणित चुकतं. सोसायटीच्या रॅम्पवरून कंत्राटदाराशी वाद होतो, सायकलचा गिअर चुकीचा निवडला जातो, गावच्या रस्त्याच्या अर्जात अशक्य आकडे लिहिले जातात.

ही चूक गणित कच्चं असल्यामुळे होते असं मला वाटत नाही. आधी काय मोजायचं, मग कशाने भागायचं आणि कोन कधी काढायचा, हा क्रम मोडल्यामुळे ती होते. म्हणून खाली सगळं क्रमाने दिलं आहे. साहित्य गवंड्याकडे मिळतं तेवढंच लागेल.

## पायरी १ : कशाला कशाने भागायचं ते पक्कं करा

चढाच्या टक्केवारीत दोनच मापं असतात. एक, दोन टोकांच्या उंचीतला फरक. दुसरं, त्या दोन टोकांमधलं आडवं अंतर. पहिल्याला दुसऱ्याने भागून १०० ने गुणलं की टक्के मिळतात. १०० मीटर आडवं गेल्यावर रस्ता ८ मीटर वर चढला असेल, तर चढ ८ टक्के.

आडवं अंतर म्हणजे नकाशावर दिसतं ते अंतर. रस्त्यावर टेप टाकून मोजतो ते थोडं जास्त भरतं, कारण टेप उतारावर तिरकी पडलेली असते. शाळेतल्या काटकोन त्रिकोणात ही टेप म्हणजे कर्ण, आणि आपल्याला हवा असतो पाया. उंची भागिले पाया म्हणजे टॅन, उंची भागिले कर्ण म्हणजे साइन. टक्केवारी नेहमी टॅनची असते.

नेहमीच्या रस्त्यावर हा फरक नगण्य असतो. १० टक्के चढावर टेपच्या लांबीने भागलं तर उत्तर ९.९५ येतं, आणि तेवढा फरक आपल्या मोजणीतच हरवून जातो. २० टक्क्यांवर मात्र १९.६ दिसू लागतं. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरातली बाल्डविन स्ट्रीट जगातली सर्वांत उभी रस्ता-गल्ली मानली जाते. तिचा चढ ३४.८ टक्के, म्हणजे १९.२ अंश. तिथे टेपच्या लांबीने भागाल तर ३२.९ टक्केच हाती लागतील. माझा नियम साधा आहे : १५ टक्क्यांपर्यंत टेपची लांबी चालते, त्यापुढे पाया काढायचाच.

काही ठिकाणी, विशेषतः रेल्वेत आणि रॅम्पच्या नकाशांवर, टक्क्यांऐवजी १:१२ असं लिहितात. १२ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर, असा त्याचा अर्थ. १ ला १२ ने भागून १०० ने गुणा, ८.३३ टक्के. इथे दुसरा आकडा जितका मोठा तितका चढ सौम्य असतो, त्यामुळे १:८ हा रॅम्प १:१२ पेक्षा कडक असतो. व्हीलचेअरचा रॅम्प १:१२ पेक्षा उभा नसावा, हे आपल्याकडचं सर्वसाधारण मानक आहे.

तपासणी : कागदावर दोन ओळी लिहा, «उंची = ...» आणि «आडवं अंतर = ...». दोन्ही एकाच एककात आहेत ना? उंची फुटांत आणि लांबी मीटरमध्ये, हा प्रकार साइटवर सर्रास घडतो.

## पायरी २ : मोजायची जागा निवडा

संपूर्ण घाटाचा «चढ» असा एक आकडा नसतो. कुठला तुकडा मोजतोय ते आधी ठरवा आणि दोन्ही टोकांना खडूने रेघ मारा. टोकं खड्ड्यात, स्पीडब्रेकरवर किंवा डांबराच्या फुगवट्यावर घेऊ नका.

मोजणी रस्त्याच्या मध्यरेषेवर करा. सरळ रस्त्यावर कडेने मोजलं तरी फारसं बिघडत नाही, पण वळणावर फार बिघडतं. समजा हेअरपिन वळणावर रस्ता २.५ मीटर चढतो. मध्यरेषेची त्रिज्या १२ मीटर धरली तर अर्ध्या वर्तुळाची लांबी ३७.७ मीटर, आणि चढ ६.६ टक्के. आतल्या कडेची त्रिज्या ८ मीटर असेल तर लांबी फक्त २५.१ मीटर, आणि चढ जवळपास १० टक्के. रस्ता तोच, वळणही तेच. घाटात आतल्या बाजूने वळणारी गाडी धापा टाकते ती यामुळेच.

याच मुद्द्यावर एक जागतिक विक्रम हातचा गेला आहे. वेल्समधल्या हार्लेक गावातल्या फोर्ड पेन लेख या रस्त्याला २०१९ मध्ये ३७.४५ टक्क्यांवर सर्वांत उभ्या रस्त्याचा गिनेस विक्रम मिळाला. ड्युनेडिनकरांनी हरकत घेतली : वळणावळणाचा रस्ता मध्यरेषेवर मोजायला हवा. २०२० मध्ये गिनेसने ते मान्य केलं. मध्यरेषेवर हार्लेकचा चढ २८.६ टक्के निघाला आणि मान बाल्डविन स्ट्रीटकडे परत गेला.

सावधान : घाटात मध्यरेषेवर टेप टाकायची तर दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा करा. वाहतूक थांबवता येत नसेल तर वळण सोडा आणि सरळ तुकडाच कडेने मोजा.

## पायरी ३ : छोट्या तुकड्यासाठी एक मीटरची पट्टी

मला ही पद्धत सगळ्यांत आवडते, कारण हिच्यात भागाकारच करावा लागत नाही. बरोबर १ मीटर लांबीची, न वाकलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घ्या, सोबत स्पिरिट लेव्हल आणि एक छोटी टेप.

पट्टीचं एक टोक चढाच्या वरच्या बाजूला रस्त्यावर टेकवा. दुसरं, खालच्या बाजूचं टोक हाताने उचला आणि वर ठेवलेल्या लेव्हलचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत हलवत राहा. आता पट्टी आडवी आहे. त्या उचललेल्या टोकाखाली रस्त्यापर्यंत उभी टेप धरून अंतर सेंटिमीटरमध्ये वाचा. ते ८ सेंटिमीटर असेल तर चढ ८ टक्के. पट्टी १०० सेंटिमीटरची आहे, म्हणून सेंटिमीटर म्हणजेच टक्के. पट्टी आडवी धरल्यामुळे इथे आपण थेट पायाच मोजतो, कर्णाचा प्रश्नच उरत नाही.

दोन मीटरची पट्टी असेल तर येणारा आकडा अर्धा करा. १७ सेंटिमीटर आले तर चढ ८.५ टक्के.

लेव्हलवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बुडबुडा मधोमध आला की लेव्हल उचला, उलटी फिरवून, म्हणजे डावं टोक उजवीकडे करून, पुन्हा त्याच जागी ठेवा. बुडबुडा हलला तर लेव्हल चुकीची आहे. मग दोन्ही स्थितींत मोजून सरासरी घ्या.

एक मीटरमध्ये खडीचा एक उंचवटाही अर्धा टक्का इकडेतिकडे करतो. म्हणून दोन-तीन पावलं सोडून किमान पाच जागी मोजा. चार आकडे ७.५ ते ८.५ आणि एकच १२ असेल, तर त्या जागी खाली काय आहे ते आधी बघा. तिथे बहुधा ठिगळ असतं.

## पायरी ४ : लांब तुकड्यासाठी पाण्याची नळी

वीस मीटरचा तुकडा असेल तर पट्टीने मोजत बसू नका. गवंडी प्लिंथची पातळी घ्यायला जी पारदर्शक नळी वापरतात ती इथे फार उपयोगी पडते. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीला राहतं, बाकी काही लागत नाही.

नळी तुकड्यापेक्षा चार-पाच मीटर लांब घ्या. पाणी हळूहळू भरा आणि पूर्ण नळी डोळ्यांखालून घाला. मध्ये हवेचा एकही बुडबुडा राहिला तर दोन्ही टोकांचं पाणी वेगवेगळं दिसेल आणि ते कळणारही नाही. खात्रीसाठी दोन्ही टोकं एकत्र आणून शेजारी धरा, पाणी एका रेषेत आलं पाहिजे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण करू. टेकडीवरच्या वस्तीकडे जाणारा सिमेंटचा रस्ता, त्यातला २० मीटरचा सरळ तुकडा. वरच्या टोकाला एकाने उभी पट्टी धरली, खालच्या टोकाला दुसऱ्याने. नळीची टोकं पट्टीला लावून पाणी स्थिर होऊ दिलं. वरच्या बाजूला पाणी रस्त्यापासून ०.४२ मीटरवर दिसलं, खालच्या बाजूला २.०६ मीटरवर. उंचीतला फरक :

```
2.06 - 0.42 = 1.64 m
```

टेपच्या लांबीने भागलं तर :

```
1.64 / 20 * 100 = 8.2 %
```

आडवं अंतर पायथागोरसने काढलं तर १९.९३ मीटर येतं, आणि चढ ८.२३ टक्के. फरक ०.०३ चा. १५ टक्क्यांखाली टेप चालते असं वर म्हटलं, ते हेच.

खालच्या बाजूची पट्टी अडीच मीटर तरी लागते, हे निघण्याआधी बघा. चढ १२ टक्क्यांच्या पुढे जाईल असं वाटत असेल तर २० ऐवजी १० मीटरचे दोन तुकडे करा, नाहीतर खालचं पाणी डोक्याच्या वर जातं आणि वाचता येत नाही.

तपासणी : नळीची टोकं अदलाबदल करून पुन्हा वाचा. दोन वाचनांत २ सेंटिमीटरपेक्षा जास्त तफावत आली तर नळीत हवा आहे किंवा कोणीतरी पट्टी तिरकी धरली आहे.

## पायरी ५ : टक्क्यांतून अंशांत

इथपर्यंत टक्केच होते. कोन आता काढायचा, आधी नाही. टक्क्यांना १०० ने भागा आणि कॅल्क्युलेटरवर `tan⁻¹` दाबा. आपलं उदाहरण :

```
tan⁻¹(0.0823) = 4.70°
```

एवढं झाल्यावर थांबून तीन गोष्टी पाहा, कारण बहुतेक चुका याच बटणापाशी होतात.

०.०८ ऐवजी ८ टाकलं तर उत्तर ८२.९ अंश येतं. ते उघड चुकीचं दिसतं, त्यामुळे सापडतं. कॅल्क्युलेटर रेडियनवर असेल तर ०.०८ येतं, तेही सापडतं. खरा घात ग्रेडियन मोड करतो, म्हणजे स्क्रीनवर `G` किंवा `GRAD` दिसतं तेव्हा. ८ टक्क्यांसाठी तो ५.०८ देतो. खरं उत्तर ४.५७ आहे. ५.०८ हा आकडा इतका पटण्यासारखा असतो की कोणी शंकाच घेत नाही. म्हणून आधी `tan⁻¹(1)` करून बघा. ४५ आलं तरच पुढे जा.

स्प्रेडशीटमध्ये करायचं तर :

```
=DEGREES(ATAN(8/100))
=100*TAN(RADIANS(4.57))
```

पहिली ओळ टक्क्यांतून अंश देते, दुसरी अंशांतून टक्के. सेलमध्ये 8% असं टक्क्याच्या चिन्हासह लिहिलं असेल तर शीट ते आधीच ०.०८ धरते. मग पुन्हा १०० ने भागू नका, नाहीतर चढ शंभरपट सपाट होईल.

हातात काहीच नसेल तर टक्क्यांना ०.५७ ने गुणा. २० टक्क्यांपर्यंत हा अंदाज अंशाच्या दहाव्या हिश्शात बसतो. उलट्या दिशेने, १० अंशांपर्यंत, अंशांना १.७५ ने गुणा. त्यापुढे हा शॉर्टकट सैल होत जातो : १०० टक्क्यांना तो ५७ अंश सांगेल, आणि खरा कोन ४५ आहे. टक्के आणि अंश एका प्रमाणात वाढत नाहीत, हे इथेच दिसतं.

नेहमी लागणारे आकडे :

- ५ टक्के (१:२०) : २.९ अंश
- ८.३३ टक्के (१:१२) : ४.८ अंश
- १० टक्के (१:१०) : ५.७ अंश
- १५ टक्के : ८.५ अंश
- २० टक्के (१:५) : ११.३ अंश
- ३० टक्के : १६.७ अंश
- १०० टक्के (१:१) : ४५ अंश

आकडे पाहून अनेकांना वाटतं, «फक्त ५.७ अंश? मग इतकं दमायला का होतं?» डोळ्याला कोन लहान वाटतो, पण वजन टक्क्यांच्या हिशेबाने मागे ओढतं. १००० किलोची गाडी १० टक्के चढावर जवळपास १०० किलोच्या जोराने मागे ओढली जाते. बोरघाटातला रेल्वेमार्ग १:३७ चा, म्हणजे २.७ टक्के. कोन दीड अंशाच्या आसपास, फोटोत दिसणारही नाही. तरीही कर्जतला गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडावी लागतात, कारण हजार टनांच्या गाडीला चढच २७ टनांच्या जोराने मागे ओढतो. टक्केवारी वापरतात ती याच सोयीसाठी : आकडा वाचला की ओढ कळते.

## पायरी ६ : फोनवर कोन मोजत असाल तर

फोनमधलं लेव्हल अ‍ॅप थेट अंश देतं, पण फोन रस्त्यावर ठेवून मोजू नका. खडी, धूळ आणि कॅमेऱ्याचा उंचवटा फोन तिरका करतात. एक-दोन मीटरची पट्टी चढाच्या दिशेने रस्त्यावर टेकवून ठेवा, फोन त्यावर लांब कडेवर उभा ठेवा.

एकदा वाचा, मग फोन टोकाकडून टोकाकडे उलटा फिरवून त्याच जागी पुन्हा वाचा. एकदा ५.२ आणि एकदा ४.४ आलं तर खरा कोन ४.८ अंश, आणि फोनची स्वतःची चूक ०.४. ही चूक छोटी वाटते, पण टक्क्यांत ती ०.७ होते. १:१२ चा रॅम्प पास की नापास, हे तेवढ्यावर ठरू शकतं. ४.८ अंशांचे टक्के : `100*tan(4.8°)` म्हणजे ८.४.

सावधान : उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवून चढ मोजू नका. चढावर गाडीचं मागचं सस्पेन्शन दबतं आणि डॅशबोर्ड मुळातच सपाट नसतो.

## पायरी ७ : नकाशावरून किंवा जीपीएसवरून काढत असाल तर

इथे लांबी हाच तारणहार आहे. जीपीएसची उंची सहज पाच मीटरने चुकते. १०० मीटरच्या तुकड्यात पाच मीटरची चूक म्हणजे पाच टक्क्यांची चूक, आकडा निकामी. १ किलोमीटरच्या तुकड्यात तीच चूक अर्ध्या टक्क्यावर येते. म्हणून अ‍ॅपमध्ये मध्येच २८ टक्के, ३२ टक्के असे सुळके दिसले तर ते रस्त्याचे नसतात. रस्ता डोंगराच्या कडेने कापून काढलेला असतो आणि भू-उंचीचा डेटा कधी वरची कडा उचलतो, कधी खालची दरी.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा बहुतेक ठिकाणी २० मीटर उंचीच्या अंतराने असतात. रस्ता एका रेषेवरून लगतच्या रेषेवर जातो तेवढ्या भागावर दोरा ठेवून लांबी मोजा. दोरा ६ मिलिमीटर भरला तर प्रत्यक्ष लांबी ३०० मीटर. २० भागिले ३००, चढ ६.७ टक्के, कोन ३.८ अंश. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे दोऱ्याऐवजी पट्टी ठेवणं. वळणांचा रस्ता सरळ रेषेत मोजला की आडवं अंतर निम्म्यावर येतं आणि चढ दुप्पट होतो.

## पायरी ८ : तुकड्यांची सरासरी

तुकडे वेगवेगळ्या लांबीचे असतील तर टक्क्यांची बेरीज करून भागू नका. ६० मीटर ६ टक्क्यांनी आणि पुढचे २० मीटर १२ टक्क्यांनी चढत असतील, तर सरासरी ९ नाही. एकूण उंची ३.६ अधिक २.४, म्हणजे ६ मीटर. एकूण लांबी ८० मीटर. सरासरी ७.५ टक्के. अंशांची सरासरी तर कधीच काढू नका. आधी उंची आणि लांबी मिळवा, टक्के काढा, कोन शेवटी.

सरासरीसोबत सगळ्यात उभ्या तुकड्याचा आकडा वेगळा लिहा. ट्रक ७.५ च्या सरासरीवर अडत नाही, त्या १२ टक्क्यांच्या २० मीटरवर अडतो.

शेवटची तपासणी इंडियन रोड्स काँग्रेसच्या मर्यादांशी. ३००० मीटर उंचीपर्यंतच्या उभ्या डोंगराळ भागात रस्त्याचा नेहमीचा चढ ६ टक्क्यांपर्यंत, नाइलाजाने ७, आणि अपवादाने छोट्या तुकड्यात ८ टक्के धरतात. म्हणजे अंशांत साधारण ३.४, ४.० आणि ४.६. अलीकडे नव्याने बांधलेल्या घाटाचा लांब तुकडा तुमच्या मोजणीत १५ टक्के निघाला, तर रस्त्याला दोष देण्याआधी पायरी १ चा कागद काढा आणि खाली कोणतं अंतर लिहिलंय ते बघा. वाडीवस्तीचे जुने, हाताने काढलेले रस्ते मात्र खरोखरच १५ ते २० टक्के असू शकतात. तिथे आकडा खोडू नका, नळी घेऊन दुसऱ्यांदा मोजा आणि दोन्ही वाचनं तारखेसह लिहून ठेवा.